शाळा फुकट, पण पोरगी फुकट नाही

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत मी काही वर्षं संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत होते. तिथल्या एका घरात तीन मुलं. मोठी मुलगी बारा वर्षांची, पटावर सहावीत, पण वर्गात क्वचितच दिसायची. मधला नऊ वर्षांचा मुलगा मात्र रोज शाळेत जायचा. धाकटी दीड वर्षाची. आई कचरा वेचायची आणि वडील सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहून मिळेल ते बिगारीचं काम करायचे.

मोठी शाळेत का येत नाही, हे मी तिच्या शाळेतल्या एका बाईंना विचारलं. त्या अगदी सहज म्हणाल्या, "त्यांच्यात शिक्षणाची आवडच नसते हो. त्यातून मुलगी. घरात राबवायला बरी पडते." मग तेच मी मुलीच्या आईला विचारलं. ती दारात बसून पोत्यातला पुठ्ठा आणि प्लास्टिक वेगळं करत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, शाळा फुकट हाय, पर पोरगी फुकट न्हाई. ती गेली तर हिला कोन बघनार?" आणि मांडीवर पेंगणाऱ्या धाकटीकडे हनुवटीनं खूण केली.

एकाच मुलीबद्दलची ही दोन उत्तरं. बालमजुरीवर अभ्यासकांमध्ये गेली कित्येक वर्षं जो वाद चालू आहे, तो या दोन उत्तरांमधलाच आहे. एक बाजू म्हणते, मुलं कामाला जातात कारण घरात पैसा नाही. दुसरी बाजू म्हणते, पैसा हे निमित्त आहे. खरं कारण रीत, समजुती, जात, मुलीकडे बघण्याची नजर. हा वाद व्याख्यानात ऐकला की मतांचा वाटतो. पण एखाद्या घराचा हिशेब मांडून बसलं, तर यातलं किती पैशाचं आणि किती रीतीचं हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं. त्याच हिशेबातून जाऊ.

आधी गरिबीची बाजू. ती सर्वांत नेटकी मांडली कौशिक बसू आणि फाम होआंग वान या दोन अर्थतज्ज्ञांनी, १९९८ साली. त्यांनी दोन साध्या गोष्टी गृहीत धरल्या. पहिली अशी की आईबापांना मुलांना कामाला लावायची हौस नसते. मोठ्यांच्या कमाईत घर भागत असेल तर मूल घरी किंवा शाळेत राहतं. कमाई एका पातळीच्या खाली गेली की मगच मूल कामाला लागतं. म्हणजे मुलाला कामावर न पाठवणं ही गरीब घरासाठी चैन ठरते, आणि परवडू लागली की प्रत्येक घर ती चैन करतं. दुसरी गोष्ट, मूल जे काम करतं ते मोठा माणूसही करू शकतो. म्हणून बाजारात मुलं खूप असली की मोठ्यांची मजुरी पडते, आणि मजुरी पडली की आणखी मुलं कामाला लागतात. भोवरा असा स्वतःभोवतीच फिरत राहतो.

आता हे पर्वतीच्या घरात आणून बघू. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण घडण त्या घराचीच आहे. वडिलांना महिन्यात पंधरा दिवस काम मिळतं, रोज ६०० रुपये. झाले ९,०००. आई पंचवीस दिवस फिरते, भंगाराच्या दुकानात काट्यावर माल घातला की दिवसाचे ३०० हातात येतात. झाले ७,५००. एकूण १६,५००. खोलीचं भाडं आणि लाइट ४,०००, किराणा, भाजी, गॅस ८,५००, बचतगटाचा हप्ता २,०००, औषधपाणी, बस, मोबाइल मिळून १,५००. खर्च १६,०००. उरतात ५००.

मोठी शाळेत गेली तर काय होतं? फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारी खिचडी मिळते. वरवर खर्च शून्य. पण मग धाकटीला आईनं काखेत घेऊन फिरायचं. एका हातात मूल असलं की पोतं अर्धंच भरतं, कचऱ्याच्या पेटीत वाकता येत नाही, उन्हात दर तासाला कुठेतरी टेकावं लागतं. ३०० चे १८० होतात. दिवसाला १२० गेले, महिन्याला ३,०००. मघाशी ५०० उरत होते, आता २,५०० कमी पडतात. मोठी स्वतः एक पैसा कमावत नाही, तरी तिच्या शाळेची किंमत महिन्याला ३,००० रुपये आहे. ती आईच्या कमाईतून वजा होते, म्हणून कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

"अंगणवाडी आहे की," असं कुणी म्हणेल. अंगणवाडीतली बालवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते आणि काही तासांतच सुटते. दीड वर्षाच्या बाळाला आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारं कुणी मिळत नाही. कमी पडतं ते नेमकं तिथेच.

आणि मधला मुलगा? तो शाळेत गेला तर घराचं काहीच बुडत नाही. नऊ वर्षांच्या पोराकडे कुणी दीड वर्षाचं बाळ सोपवत नाही. म्हणून तो शाळेत आणि बहीण घरात. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की मुलाला शिकवतात आणि मुलीला नाही. शाळेतल्या बाईंना दिसलं ते खोटं नव्हतं. पण त्यांनी त्यावरून जे अनुमान काढलं, ते या हिशेबाशिवाय काढलं.

जनगणनेत मोठीची नोंद कामगार म्हणून होत नाही. २०११ च्या जनगणनेनं ५ ते १४ वयाची सुमारे १ कोटी मुलं काम करणारी म्हणून मोजली. त्याआधी २००१ मध्ये ती सुमारे १ कोटी २६ लाख होती. पण घरची धुणीभांडी, स्वयंपाक, भावंडं सांभाळणं यांना जनगणना काम म्हणत नाही. त्यामुळे मोठी ना कामावर, ना शाळेत. आकड्यात ती कुठेच नाही. मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हे. तिच्या आईची मजुरी शक्य करणारं काम ती करते, आणि ते काम कुणी मोजत नाही.

गरिबी म्हणजे फक्त कमी पैसा असं मानलं तर आणखी एक गोष्ट हातून निसटते. गरिबी म्हणजे वेळेवर पैसा नसणं. त्याच घरात एका पावसाळ्यात वडील तापानं पडले. समजा दहा दिवसांचं काम बुडालं. ६,००० गेले. तेवढे वस्तीतल्या सावकाराकडून उचलले, शेकडा दहानं, म्हणजे महिन्याला दहा टक्के व्याज. पहिल्याच महिन्यात व्याज ६००, आणि घरात उरतात ५००. मुद्दल सोडाच, व्याजही फिटत नाही. मग मधला आईबरोबर निघतो. त्यानं दिवसाला ८० रुपयांचा माल जास्त आणला तर महिन्याला २,००० होतात. जुने ५०० धरून २,५०० परत करता येतात. पहिल्या महिन्याअखेर ४,१०० उरतात, दुसऱ्या महिन्याअखेर २,०१०, तिसऱ्या महिन्यात कर्ज फिटतं. तीन महिने. आईबापांनी ठरवलेलं असतं तेही तेवढंच: "कर्ज फिटलं की परत शाळा."

पण ते तीन महिने म्हणजे चौथीतला भागाकार. वर्गात परत बसलेल्या मुलाला फळ्यावरचं काही कळत नाही, तो मागच्या बाकावर जातो, मारामाऱ्या करतो, मग दोन दिवस दांडी, मग आठवडा. नाव पटावर राहतं, वर्षाअखेरीस तो वरच्या वर्गातही जातो. हातखर्चाला लागणारे ८० रुपये कसे कमवायचे हे आता त्याला माहीत असतं. कर्ज तीन महिन्यांत सुटतं, शाळा मात्र कायमची सुटते. दोन वर्षांनी कुणी पाहणीला आलं तर या मुलाच्या नावापुढे कारण लिहिलं जातं: "अभ्यासात रस नाही."

इथे एक प्रश्न पडायला हवा. हे सगळं आपण आईच्या तोंडून ऐकलं. पण खरंच पैशाचीच अडचण आहे की ती सबब आहे, हे ओळखायचं कसं? यासाठी दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास मला फार उपयोगाचा वाटतो. तिथे वृद्धांना सरकारी पेन्शन मिळते. अभ्यास झाला त्या काळात बायकांना साठाव्या वर्षी आणि पुरुषांना पासष्टाव्या वर्षी ती सुरू व्हायची. गरीब घराच्या मानानं रक्कम मोठी. आणि ती मिळणार हे घरातल्या सगळ्यांना आधीपासून पक्कं माहीत. एरिक एडमंड्स या अर्थतज्ज्ञानं दोन प्रकारची घरं शेजारी ठेवून पाहिली. एका घरात आजोबांना पेन्शन नुकतीच सुरू झाली आहे, दुसऱ्यात थोड्याच दिवसांत होणार आहे. बाकी घरं सारखी. मुलांना कामाला लावणं ही रीत असती तर पेन्शन आली म्हणून रीत बदलली नसती. नुसता मनाचा निर्णय असता तर पैसा येणार हे कळल्यावरच मुलं शाळेत गेली असती. प्रत्यक्षात पेन्शन हातात पडू लागलेल्या घरांतली मुलं शाळेत जास्त जात होती आणि काम कमी करत होती. वाट बघणाऱ्या घरांतली अजून राबत होती. म्हणजे आईबापांना शाळा हवी होतीच, फक्त उद्याच्या पैशावर आजचं घर चालवता येत नव्हतं. पर्वतीच्या घराला ते ६,००० शेकडा दहाऐवजी शेकडा एकानं मिळाले असते, तर महिन्याला ६० रुपये व्याज भरून मधला चौथीतच बसला असता.

आईबापांना शाळा नकोच असते हा समज आपल्याकडेही तपासला गेला आहे. १९९६ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या गावांत एक मोठी पाहणी झाली. मुलग्याला शिकवणं महत्त्वाचं आहे, असं ९८ टक्के पालक म्हणाले. मुलीला शिकवणं महत्त्वाचं आहे, असं म्हणणारे ८९ टक्के. दोन्ही आकडे वाचावेत. ८९ हा आकडा "आवडच नसते" या म्हणण्याला उत्तर आहे. आणि ९८ आणि ८९ यांच्यातलं अंतर ज्याला संस्कृती म्हणतात तिचं आहे, ते गरिबीच्या नावावर खपवू नये.

आता गरिबीची बाजू कुठे तोकडी पडते ते बघू, कारण ती पडते. गरिबी हेच एकमेव कारण असेल तर जमीन वाढली की मुलांचं काम कमी व्हायला हवं. पाकिस्तान आणि घानामध्ये सोनिया भालोत्रा आणि क्रिस्टोफर हेडी यांनी पाहिलं तर काही बाबतींत उलटंच दिसलं: जास्त जमीन असलेल्या घरातली मुलं, त्यातही मुली, जास्त काम करत होती. शेतकरी कुटुंबातून आलेल्याला याचं नवल वाटणार नाही. दोन एकर असली तर गुरं राखायला, खुरपायला, पाणी द्यायला घरचे हात लागतात आणि हंगामात मजूर मिळत नाही. भूमिहीनाच्या पोराला राबायला शेतच नसतं. इथे कारण गरिबीही नाही आणि रीतही नाही. घरात जमीन आहे, पण पैसे देऊन मिळतील असे मजूर नाहीत. अशी मजुरांची अडचण बाहेरून परंपरेसारखी दिसते, कारण ती बापाच्या आणि आज्याच्या काळापासून तशीच चालत आलेली असते.

संस्कृती कशाला म्हणायचं याचं सर्वांत चांगलं उदाहरण मात्र आपल्या मराठी मुलखातलं आहे, आणि ते मराठी वाचकाला सहज पटेल. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न होता, नव्वदीच्या दशकात इंग्रजीला नोकरीच्या बाजारात भाव आला तेव्हा कोणत्या घरांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली आणि कोणत्या घरांनी मराठी माध्यमात ठेवली. खालच्या समजल्या गेलेल्या जातींमधले मुलगे मराठी माध्यमात राहिले. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या. घर तेच, उत्पन्न तेच, जात तीच. "या समाजाला पुढे जायचं नसतं" हे खरं असतं, तर मुलीही मागेच राहिल्या असत्या. उलगडा असा होता: पोटजातीतले काका, मामा, शेजारी पिढ्यान् पिढ्या गिरण्यांत आणि कारखान्यांत एकमेकांना चिकटवून देत आले होते. मुलग्यासाठी ती ओळखीची वाट तयार होती आणि त्या वाटेला इंग्रजी लागत नव्हतं. मुलींसाठी अशी कुठलीच वाट नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी नवी निवडायला घर मोकळं होतं.

हा अभ्यास बालमजुरीवरचा नाही, पण तो वाचल्यावर मला वस्तीतले कितीतरी बाप नव्यानं कळले. तेरा वर्षांच्या पोराला रंगकाम करणाऱ्या मामाबरोबर धाडणारा बाप शिक्षणाचा शत्रू नसतो. त्याच्या ओळखीत दहावी होऊन नोकरीला लागलेला एकही माणूस नसतो आणि मामाच्या हाताखाली शिकून गवंडी, रंगारी, प्लंबर झालेले दहा असतात. मामाकडची जागा आज आहे, दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाचं पोर तिथे असेल. त्याला शाळेचा फायदा दूरचा आणि अनिश्चित दिसतो, मामाचा जवळचा आणि खात्रीचा. याला संस्कृती म्हणायचं तर म्हणावं. पण मग हेही म्हणावं की जातीनं ज्यांना बाकी सगळ्या वाटा बंद केल्या, त्यांनी उरलेली एक वाट घट्ट धरून ठेवली, तिचं हे नाव आहे.

इथवर आपण गरिबांच्याच रीती तपासल्या. पण समजुती काय फक्त त्यांनाच असतात? मायरन वाइनर या अमेरिकी अभ्यासकानं १९९१ मध्ये हाच प्रश्न उलटा फिरवला. त्यांचं म्हणणं असं की जपानसारख्या देशांनी गरीब असतानाच शाळा सक्तीची केली, श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही. भारतात ते झालं नाही, कारण इथल्या शिकलेल्या वर्गाला, अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांनाही मनातून वाटतं की गरिबाच्या पोरानं हातानं काम शिकावं, तेच त्याला बरं. म्हणजे बालमजुरीमागे संस्कृती आहे, पण ती राबणाऱ्याची नाही, ठरवणाऱ्याची.

पुणेकरांना हे पटायला लांब जावं लागत नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी आहे. आणि त्याच निवेदनात हेही आहे की शेतकऱ्यांची मुलं शाळेत येत नाहीत ती कमालीच्या गरिबीमुळे आणि गुरं राखायला, शेतं बघायला लागतात म्हणून. त्यांना टिकवायचं तर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं ते सांगतात. गरिबीचा हिशेब आणि सरकारची जबाबदारी, दोन्ही एकाच कागदावर. आज शंभराहून जास्त वर्षांनी मी तो मजकूर वाचते तेव्हा हा वाद इतका दुभंगला कसा, याचंच वाईट वाटतं. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी माफक होती: सहा ते दहा वर्षांची मुलं, आणि तीही स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क मिळाला तो २००९ च्या कायद्यानं, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधली जवळजवळ शंभर वर्षं पर्वतीच्या त्या आईमुळे गेली नाहीत.

मात्र नुसता मनाई करणारा कायदा केला तर काय होतं, हेही पाहून ठेवायला हवं. १९८६ च्या कायद्यानं ठरावीक धंद्यांत चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी घातली. प्रशांत भारद्वाज, लिआ लकडावाला आणि निकोलस ली यांनी या बंदीचा परिणाम तपासला, तेव्हा मुलांची मजुरी घसरलेली आणि मुलांचं काम वाढलेलं आढळलं. कारण घराच्या हिशेबातच आहे. मालक दंडाची भीती मुलाच्या मजुरीतून वसूल करतो. समजा १०० चे ८० झाले. घराला मात्र महिन्याचे २,५०० च लागतात. मग २५ दिवसांऐवजी ३१ हून जास्त दिवस लागतात, आणि महिन्यात तेवढे दिवसच नसतात, म्हणून धाकटं भावंडही बाहेर पडतं. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाखालच्या मुलांना सगळीच कामं बंद केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक ठेवली. कचरा वेचणाऱ्या घरात "घरचा धंदा" कुठे संपतो, हे ठरवणार कोण?

पुण्यातच एक वेगळा रस्ता काढला गेला, आणि या वादात तो मला सर्वांत जास्त शिकवून जातो. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग घेत होत्या. मुलं शिकायची, पण कचऱ्यातून बाहेर पडत नव्हती, कारण आया अजून तिथेच पेट्या उपसत होत्या. तेव्हा त्यांनी मुलांकडून लक्ष आयांच्या कामाकडे वळवलं. काही सोसायट्यांना सांगून सुका कचरा वेगळा ठेवायला लावला, आणि तो थेट दारातून घेण्याची सोय या बायकांसाठी केली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. पुढे २००८ मध्ये स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

याचा मुलीच्या शाळेशी संबंध काय, तो पुन्हा पर्वतीच्या घरातच दिसतो. त्या आईला पुढे असं दारोदारचं काम मिळालं. आधी ती पहाटे निघायची आणि माल शोधत दुपार उलटेपर्यंत फिरायची. आता ठरलेल्या इमारती, सकाळी सात ते बारा. माल कोरडा, त्यामुळे भंगारवाल्याकडे भाव बरा. वर दर घरामागे महिन्याचे ठरलेले पैसे, म्हणजे पावसात वडिलांचं काम बसलं तरी काही रक्कम नक्की येणार. मुख्य म्हणजे ती बाराला घरी. मोठी तोवर धाकटीला बघायची आणि साडेबाराला दप्तर घेऊन निघायची. त्यासाठी तिचं सत्र सकाळचं बदलून दुपारचं करून घ्यावं लागलं. त्याला दोन महिने आणि चार चकरा लागल्या, कारण "मध्येच सत्र बदलत नाही" हे उत्तर ठरलेलं होतं. घरातली माणसं बदलली नाहीत, जात बदलली नाही, कुणी समुपदेशन केलं नाही. कामाची वेळ बदलली आणि पोरगी शाळेत गेली. तिच्या बाबतीत "आवडच नसते" हे म्हणणं चूक होतं, हे मी त्या दिवसापासून खात्रीनं सांगते.

तरीही सगळं पैशानं आणि वेळेनं सुटलं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मोठी आठवी पास झाली तेव्हा धाकटी बालवाडीत जाऊ लागली होती. कर्ज नव्हतं, आईचं काम चालू होतं. हिशेबाच्या वहीत तिला अडवणारं काही उरलं नव्हतं. कायद्यातला शाळेचा हक्कही चौदाव्या वर्षी संपतो, म्हणजे इथून पुढे जे होईल ते घर ठरवणार. आणि तेव्हाच तिच्या आत्यानं गावाकडचं एक स्थळ सुचवलं. वडील म्हणाले, नववीची शाळा लांब आहे, रस्त्यात पोरं टवाळक्या करतात, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. मी विचारलं, "मधल्याचं नाव अजून पटावर आहे. तो आठवी झाला की त्यालाही थांबवणार का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याचं वेगळं आहे ताई."

ते वेगळेपण कुठल्याही हिशेबात बसत नाही, आणि ज्याला रीत म्हणायचं ते इथे आहे, एवढं उघड. आईनं मात्र त्याच आठवड्यात दुसरं काही केलं. तिच्या कामाच्या वाटेवरच्या एका इमारतीसमोर माध्यमिक शाळा होती. नववीचा प्रवेश तिनं तिथे घेतला, आणि सकाळी सातला दोघी एकत्र निघू लागल्या, एकीच्या हातात कचऱ्याची ढकलगाडी आणि दुसरीच्या पाठीवर दप्तर.